दोन्ही फंड सारखेच वरखाली होणारे, मग अर्धे-अर्धे केल्याने रिस्क कमी कशी?

चाटीगल्लीकर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एका साडीच्या दुकानात हिशेब बघतो, त्यामुळे आकड्यांची भीती नाही, पण एक गणित घशाखाली उतरेना म्हणून हा धागा.

विम्याची एक पॉलिसी पिकली, आठ लाख हातात आले. पुण्याचा भाचा म्हणतो, "मामा, या दोन इक्विटी फंडांत अर्धे-अर्धे टाका." दोन्हींचे कागद पाहिले. रिटर्न साधारण १२ टक्के, आणि स्टँडर्ड डिव्हिएशन उर्फ एसडी, म्हणजे रिटर्न सरासरीच्या किती वरखाली होतो त्याचं माप, दोन्हीकडे १६च्या आसपास. भाच्याचं म्हणणं असं की अर्धे-अर्धे केले की सरासरी रिटर्न १२च राहतो, पण एसडी १६च्या खाली येतो.

कडू कारलं साखरेत घोळलं तरी कडूच, असं आपण म्हणतो. इथं तर दोन्ही कारलीच आहेत, साखर कुठंच नाही. मग कडूपणा कमी कसा होणार? भाच्याला विचारलं तर तो फॉर्म्युला पाठवतो. मला फॉर्म्युला नको, कारण पाहिजे.

---

शेंगाचटणी | सोमवार, रात्री १०:०५

भाचा चुकतोय. १६ आणि १६ची सरासरी १६च होते, त्यात डोकं लावण्यासारखं काय आहे? रिटर्नची सरासरी निघते तशीच रिस्कची निघते. रिस्क खरंच कमी करायची असेल तर अर्धे एफडीत टाका. मी तेच केलंय आणि निवांत झोपतो.

---

गड्ड्यावरचा_पाळणा | सोमवार, रात्री १०:१२

एसडी कमी होत असेल तर घेऊन टाका ओ. मी होटगी रोडला गाळा बघितला तर मालक सहा महिन्यांचा एसडी मागतोय, एक रुपया सोडायला तयार नाही.

---

चाटीगल्लीकर | सोमवार, रात्री १०:१५

@गड्ड्यावरचा_पाळणा, तो सिक्युरिटी डिपॉझिट हो! इथला एसडी वेगळा. 😀

---

उजनीकाठ | सोमवार, रात्री ११:२०

बँकेत ट्रेझरीला वीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. जमेल तसं सांगतो.

आधी शेंगाचटणींच्या एफडीबद्दल. अर्धे एफडीत टाकले तर रिस्क कमी होते, हे खरंच. पण एफडी ७ टक्के देत असेल तर १२ आणि ७ मिळून अपेक्षा साडेनऊवर येते. म्हणजे झोपेची किंमत मोजली. भाचा सांगतोय ती गोष्ट वेगळी आहे, तिथं रिटर्न सोडावा लागत नाही.

आता चाटीगल्लीकर, एक खेळ करा. पाच चिठ्ठ्या घ्या आणि त्यांवर ३२, उणे ८, २२, २ आणि १२ असे आकडे लिहा. हे एका फंडाचे पाच वर्षांचे रिटर्न समजा. आकडे माझ्या मनचे आहेत, कुठल्या खऱ्या फंडाचे नाहीत. याला 'अ' म्हणू. आता त्याच पाच आकड्यांचा दुसरा संच करा, फक्त क्रम बदला: २२, २, उणे ८, १२, ३२. हा 'ब'.

आकडे तेच असल्यामुळे दोघांची सरासरी १२, आणि एसडीही दोघांचा एकच, १५.८. म्हणजे तुमची दोन कारली अगदी सारखी कडू. आता दरवर्षी दोघांत अर्धे-अर्धे पैसे आहेत असं धरा आणि एकेका वर्षाची सरासरी काढा. २७, उणे ३, ७, ७, २२ येते. यांची बेरीज ६०, सरासरी पुन्हा १२. पण एसडी काढून बघा, १२.२ येईल.

आता हा फरक नेमका कुठून आला तेवढं बघा. तिसऱ्या वर्षी अ आपल्या सरासरीच्या १० वर होता आणि ब २० खाली. एकमेकांचं खाऊन उरलं उणे ५. दुसऱ्या वर्षी मात्र दोघंही खालीच होते, उणे २० आणि उणे १०, म्हणून मिश्रणही उणे १५. त्या वर्षी काहीच वाचलं नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच दोन वर्षांत आहे. सरासरी काढताना कुठला आकडा कुठल्या वर्षी पडला याच्याशी देणंघेणं नसतं, नुसती बेरीज करायची असते. मिश्रणाच्या एसडीचं सगळं देणंघेणं त्याच गोष्टीशी असतं.

शेंगाचटणींचं म्हणणं एकाच परिस्थितीत खरं ठरतं: दोन्ही फंड दरवर्षी अगदी एका तालात हलत असतील तर. तेव्हा १६ आणि १६चे १६च राहतात. ताल जरा जरी वेगळा असला तरी आकडा १६च्या खाली येतो.

---

मालदांडी | मंगळवार, सकाळी ७:५०

उजनीकाठ, तुमचे आकडे एक्सेलला टाकले. माझा एसडी १४.१४ येतोय, १५.८ नाही. मिश्रणाचा १०.९५. कोण चुकलं?

---

उजनीकाठ | मंगळवार, सकाळी ८:३०

कुणीच नाही. तुम्ही STDEV.P वापरलं असणार. ते सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज पाचाने भागतं, मी चाराने भागली. पाच वर्षं हा मोठ्या इतिहासातला नमुना आहे आणि सरासरीही त्याच पाचांतून काढलीय, म्हणून एक कमी धरतात. दोन्हीकडे एकच पद्धत ठेवली तर कमी होण्याचं प्रमाण तेच येतं, करून बघा. सगळ्यांसाठी:

```
=STDEV.S(B2:B6)
=STDEV.S(C2:C6)
=CORREL(B2:B6,C2:C6)
=STDEV.S(D2:D6)
```

B मध्ये अ, C मध्ये ब, आणि D मध्ये दोघांची अर्धी-अर्धी सरासरी. CORREL चं उत्तर ०.२ येईल. मी 'ताल' म्हणत होतो तो हा आकडा. पूर्ण एका तालात असतील तर १, एकाचा दुसऱ्याशी संबंधच नसेल तर ०, आणि एक वर गेला की दुसरा तेवढाच खाली असं असेल तर उणे १.

---

मालदांडी | मंगळवार, सकाळी ८:४१

आलं. १२.२५ आणि ०.२. आणि हो, अ जेवढा वर तेवढाच ब खाली अशा ब च्या चिठ्ठ्या लावल्या तर मिश्रण दरवर्षी १२च येतंय, एसडी शून्य! असले दोन फंड कुठं मिळतात?

---

उजनीकाठ | मंगळवार, सकाळी ८:५५

मिळत नाहीत. आणि कुणी देतो म्हणाला तर त्याला लांबूनच नमस्कार करा. एकाची चढ म्हणजे दुसऱ्याची तंतोतंत उतरण आणि तरी दोघांची सरासरी १२, असं बाजारात घडत नाही. पण शून्याची गरजही नाही. ०.२ वर सुद्धा १६चे १२ झाले, हे थोडंथोडकं नाही.

---

अक्कलकोटरोड_टॉवेल | मंगळवार, दुपारी २:१०

माझं सांगतो, चुकत असेल तर सांगा. एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे. बाकी पैसा दोन टेक्स्टाइल कंपन्यांच्या शेअरमध्ये, कारण आपल्याला त्या लाइनमधलं कळतं. शिवाय एका सूतगिरणीच्या कंपनीचा शेअर. त्यामागं माझा हिशेब असा की सूत महागलं की आमच्या टॉवेलचं मार्जिन जातं, पण सूत विकणाऱ्याला फायदा होतो. म्हणजे एक वर, एक खाली. वरती म्हणताय ते हेच ना?

---

उजनीकाठ | मंगळवार, दुपारी ४:३०

विचार पक्का आहे, पण अर्धाच. सूत महागायची दोन कारणं असू शकतात. कापसाचं पीक गेलं म्हणून महागलं, तर गिरणीलाही कापूस महागच पडतो, तिला फायदा होईलच असं नाही. मागणी वाढली म्हणून महागलं, तर तुमचेही टॉवेल खपत असतात. आणि परदेशातल्या ऑर्डरी थांबल्या की तुमचे माग बंद, गिरणीची चाती बंद, आणि तुमच्याकडचे ते दोन शेअरही खाली. तुम्ही भावाकडे बघून उलट ताल जुळवलाय, पण मोठा फटका मागणीकडून येतो, आणि तिथं सगळे एकाच बाजूला पडतात.

दुसरं, तुमचा सगळ्यात मोठा 'फंड' म्हणजे तुमचं युनिट. ते शेअरच्या खात्यात दिसत नाही म्हणून हिशेबात धरायचं राहून जातं. ज्या धंद्यावर घर चालतं त्याच धंद्याचे शेअर घेणं म्हणजे ताल १च्या जवळ नेणं.

---

अक्कलकोटरोड_टॉवेल | मंगळवार, संध्याकाळी ६:०२

पण ज्यातलं कळत नाही त्यात पैसे घालायचे? तीस वर्षं सूत हाताळतोय, औषधाच्या कंपनीतलं मला काय कळतंय!

---

उजनीकाठ | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

हा तुमचा मुद्दा मला पूर्ण खोडता येत नाही. कळण्याला किंमत आहेच. पण तुमचं कळणं युनिटमध्ये आधीच पूर्ण वापरलं जातंय.

---

शेंगाचटणी | मंगळवार, रात्री ९:२५

ठीक आहे, १६ आणि १६चं माझं चुकलं, मान्य. पण आता एक पकडलंय. मालदांडीच्याच शीटवर एक लाखाचं काय होतं ते बघितलं. नुसत्या अ मध्ये पाच वर्षांनी १,६९,२५४. नुसत्या ब मध्येही तेवढेच, कारण आकडे तेच, गुणाकार तोच. मिश्रणात मात्र १,७२,०६९ येतात. अरे, पन्नास हजार अ मध्ये आणि पन्नास हजार ब मध्ये ठेवले तर प्रत्येकाचे ८४,६२७ होऊन बेरीज १,६९,२५४च यायला पाहिजे. मग हे वरचे २,८१५ रुपये आले कुठून? ही तर जादू झाली.

---

उजनीकाठ | मंगळवार, रात्री १०:५०

शाब्बास, या धाग्यावरचा हा सगळ्यात चांगला प्रश्न. बरोबर पकडलंत. पैसे टाकून पाच वर्षं हात लावला नाही तर १,६९,२५४च मिळतील. माझ्या चिठ्ठ्यांच्या खेळात एक अट गुपचूप बसली होती, 'दरवर्षी अर्धे-अर्धे'. म्हणजे वर्ष संपलं की ज्याचे वाढले त्यातून थोडे काढायचे आणि ज्याचे कमी झाले त्यात घालायचे, पुन्हा बरोबरी करायची.

पहिल्या वर्षी पन्नास हजारांचे अ मध्ये ६६,००० झाले आणि ब मध्ये ६१,०००. एकूण १,२७,०००, म्हणून प्रत्येकी ६३,५००. अ मधून अडीच हजार उचलून ब मध्ये टाकले. दुसऱ्या वर्षी अ ८ टक्के पडला आणि ब २ टक्के चढला, म्हणजे ते अडीच हजार पडण्यातून वाचले. असं करत करत ते २,८१५ जमले. आणि हे जमले कारण आपल्या अ, ब ला पुढंमागं व्हायची सवय आहे. एक फंड पाचही वर्षं सलग पुढं आणि दुसरा सलग मागं राहिला असता तर हीच बरोबरी तोट्यात गेली असती, कारण आपण पळत्या घोड्यावरून उतरून लंगड्यावर बसत राहिलो असतो.

शिवाय काढ-घाल फुकट नाही. इक्विटी फंड एक वर्षानंतर विकला तर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, वर्षाच्या आत विकला तर वीस टक्के. काही फंडांचा एक्झिट लोडही असतो. आठ लाखांवर हे फार जाचणार नाही, पण हिशेबात धरा. विकण्यापेक्षा नवीन पैसे मागं पडलेल्यात घालणं स्वस्त पडतं.

---

मालदांडी | मंगळवार, रात्री ११:१५

मग दोनाच्या जागी दहा घेतले तर? शून्यापर्यंत जाईल का?

---

उजनीकाठ | बुधवार, सकाळी ८:१०

नाही. असेच १५.८ एसडीचे आणि एकमेकांशी ०.२ तालाचे फंड धरा. दोन घेतले तर १२.२, चार घेतले तर १०, दहा घेतले तर ८.४. पुढं शंभर घेतले तरी ७च्या खाली जात नाही. जो ताल सगळ्यांत सामायिक आहे, म्हणजे व्याजदर, मंदी, युद्ध, तो कितीही वाटला तरी उरतोच. पहिल्या तीन-चारांत बहुतेक फायदा पदरात पडतो, त्यानंतर फक्त स्टेटमेंटांचा गठ्ठा वाढतो.

हे गणित पहिल्यांदा नीट मांडलं हॅरी मार्कोविट्झने, १९५२ साली. १९९०ला त्यासाठी नोबेल मिळालं. गंमत म्हणजे स्वतःच्या निवृत्तीच्या पैशाचं त्याने काही गणित केलं नव्हतं, सरळ अर्धे शेअर, अर्धे बाँड ठेवले होते. नंतर पस्तावायला नको म्हणून, असं त्यानेच सांगितलंय.

---

सिद्धरामेश्वरी | बुधवार, दुपारी १२:३०

माझ्या सासऱ्यांनी पैसे दोन वेगवेगळ्या पतसंस्थांत ठेवले होते, विभागून. व्याज ठरलेलं, कधी वरखाली नाही. म्हणजे तुमच्या भाषेत एसडी शून्य. त्यातली एक बुडाली. आता तुमचं गणित यावर काय म्हणतं?

---

उजनीकाठ | बुधवार, दुपारी १:१५

वाईट वाटलं वाचून. गणित काहीच म्हणत नाही, आणि हीच त्याची मोठी उणीव आहे. एसडी मोजतो तो आजवरचा हेलकावा. जिथं भाव रोज लागत नाही तिथं हेलकावा दिसत नाही, पण याचा अर्थ खाली खड्डा नाही असा होत नाही. पतसंस्थेची ठेव पाच लाखांच्या ठेव विम्यात येत नाही, सहकारी बँकेची येते. हा फरक एसडीच्या कुठल्याच रकान्यात सापडणार नाही. सासऱ्यांनी विभागलं हे मात्र शहाणपणाचंच केलं, निदान दुसरी राहिली.

---

सिद्धरामेश्वरी | बुधवार, दुपारी १:२२

राहिली, हो. पण दोन्हींचे कर्जदार याच गावातले होते. नशीब म्हणायचं.

---

मालदांडी | बुधवार, दुपारी ३:००

आणि २०२०च्या मार्चचं काय? २३ मार्चला निफ्टी एका दिवसात १३ टक्के पडला. लार्ज कॅप, मिड कॅप, सगळेच. सोनंसुद्धा त्या दिवसांत घसरलेलं आठवतंय. तुमचा ताल गरज होती तेव्हाच बिघडला.

---

उजनीकाठ | बुधवार, दुपारी ४:१०

बिघडतो. घबराट सुटली की लोक काय विकावं यापेक्षा काय विकलं जातंय ते बघतात, त्यामुळे शेअर-शेअरमधला ताल १कडे धावतो. पाच वर्षांच्या शांत काळातला ०.२ हा आकडा म्हणून दगडावरची रेघ समजू नका. पण सगळी संकटं सारखी नसतात. २००८ मध्ये निफ्टी ६१३८ वरून २९५९ वर आला, निम्म्याहून खाली, आणि त्याच वर्षी रुपयातलं सोनं वर्षाअखेर वरच होतं. रुपया घसरला की आपल्याकडच्या सोन्याला आणखी एक आधार मिळतो. २०२० मध्येही सोन्याची घसरण काही आठवड्यांची होती.

---

चाटीगल्लीकर | गुरुवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. काल दुकान बंद झाल्यावर बसून भाच्याच्या दोन्ही फंडांचे छत्तीस महिन्यांचे एनएव्ही उतरवले, महिन्या-महिन्याचा बदल काढला आणि CORREL लावलं. ०.९१ आलं!

मग दोघांचे शेअर एकाशेजारी एक मांडले. वरच्या दहातले सात तेच. नावं वेगळी, रंग वेगळा, सूत तेच. एसडी १६ वरून १५.६ वर येतो, बस. म्हणजे भाच्याचं तत्त्व बरोबर, पण त्याने एकाच वेलीची दोन कारली दिली. त्याला फोन केला तर म्हणाला, "मामा, दोन्हीला पाच-पाच स्टार आहेत ना." म्हटलं, स्टार मोजायला नव्हतं सांगितलं.

---

शेंगाचटणी | गुरुवार, रात्री १०:४५

😀 मग आता काय ठरलं?

---

चाटीगल्लीकर | गुरुवार, रात्री ११:०५

एक फंड ठेवायचा आणि बाकीच्यातले काही गोल्ड फंडात, असं मनात आहे. त्याच छत्तीस महिन्यांचं सोन्याशी कोरिलेशन शून्याच्या आसपास येतंय.

---

अक्कलकोटरोड_टॉवेल | गुरुवार, रात्री ११:२०

सोनं १२ टक्के देईल हे कशावरून? कंपनी माल करते, विकते, नफा कमावते. सोनं तिजोरीत नुसतं पडून असतं. मग रिटर्न न सोडता रिस्क कमी हे कुठं राहिलं?

---

उजनीकाठ | शुक्रवार, सकाळी ८:००

रास्त शंका. दोघांकडून सारखी अपेक्षा असेल तरच सरासरी जागची हलत नाही. मी सोन्याची अपेक्षा शेअरपेक्षा कमीच धरतो. म्हणजे पाचवा हिस्सा सोन्यात घातला तर सरासरी थोडी खाली येईल आणि एसडी त्या मानाने बराच जास्त खाली येईल. पुढच्या वीस वर्षांत सोनं किती देईल यावर मी माझ्या ट्रेझरीतल्या मित्रांशीही भांडलोय, अजून निकाल लागलेला नाही. छत्तीस महिन्यांवर मात्र फार विसंबू नका, दहा-पंधरा वर्षांचे आकडे मिळतात, तेही लावून बघा.

---

चाटीगल्लीकर | शुक्रवार, रात्री ९:१५

हे सगळं घरात वाचून दाखवलं. सौ. भाकरी थापता थापता म्हणाली, "लॉकरात माझं चौदा तोळं आहे, ते का धरत नाही हिशेबात?" आणि खरंच, मी धरलंच नव्हतं. आजच्या भावाने ती रक्कम आठ लाखांपेक्षा जास्त होते. म्हणजे मी सोन्यात आधीच अर्ध्याहून जास्त आहे की काय?

---

उजनीकाठ | शुक्रवार, रात्री ९:४०

आहात की! मग नव्या सोन्याची गरज नाही, उलट शेअरच कमी पडताहेत. फक्त वर्षाअखेरीच्या बरोबरीचं कसं करणार? सोनं चढलं तर त्यातलं एक-दोन तोळं मोडून फंडात घालायला वहिनी तयार आहेत का, तेवढं विचारून घ्या.

---

चाटीगल्लीकर | शुक्रवार, रात्री ९:५२

विचारलं. लाटणं हातात होतं, म्हणून विषय बदलला.